एकट्याचा धंदा, आठवड्याचे पंचवीस तास: माल, विक्री आणि कागद एकाच आठवड्यात कसे बसवायचे

स्वतः माल बनवणारा माणूस वेळापत्रक आखायला बसला की आधी माल बनवण्याचे तास मांडतो. विक्री आणि हिशेब उरलेल्या वेळात होतील, असं धरून चालतो. मीही पहिली दोन वर्षं तेच केलं. उरलेला वेळ कधीच उरला नाही. बिलांचा गठ्ठा ड्रॉवरमध्ये वाढत गेला आणि गिऱ्हाइकांना उत्तरं द्यायला रात्रीचे अकरा वाजू लागले. शेवटी क्रम उलटा केला: आधी कागद आणि विक्रीचे तास काढून ठेवायचे, थोडा वेळ राखीव ठेवायचा, आणि त्यानंतर जे राहील तेवढाच माल बनवायचा. आठवड्यात किती माल होईल हा आकडा या वजाबाकीतून येतो, आणि गिऱ्हाइकाला तारीख द्यायची ती याच आकड्यावरून.

खालचं उदाहरण अस्तराच्या कापडी पिशव्या शिवणाऱ्या एकट्या बाईचं आहे. ते काम मी जवळून जाणते म्हणून घेतलं. घरच्या जबाबदाऱ्या सांभाळून तिच्या हाताशी आठवड्याला २५ तास आहेत. तुम्ही वह्या बांधत असाल किंवा लाकडी खेळणी करत असाल तर आकडे तुमचे घाला, रीत तीच राहील.

आधी एक आठवडा नुसतं लिहा

पहिला आठवडा काहीही बदलू नका. मशीनशेजारी एक वही ठेवा आणि काम बदललं की वेळ टिपून ठेवा. मिनिटामिनिटाचा हिशेब नको, पाव तासाचे टप्पे पुरतात. प्रत्येक नोंदीपुढे एकच अक्षर लिहा: माल बनवण्याला ‘म’, विक्रीला ‘व’, कागदाला ‘क’ आणि मांडामांड-आवराआवरीला ‘आ’.

या शेवटच्या अक्षरासाठीच सगळा खटाटोप आहे. टेबल मोकळं करणं, कापड पसरणं, दोऱ्याचा रंग बदलणं, बॉबिन भरणं, इस्त्री तापवणं, काम संपल्यावर कतरण गोळा करणं, हे सगळं आपल्याला शिवणकामच वाटतं. पण त्या वेळात एकही पिशवी पुढे सरकत नाही. पॅकिंगचंही तसंच. खोका शोधा, पत्ता लिहा, चिकटपट्टी लावा, नेऊन द्या, असं करत एका पार्सलला वीस मिनिटं जातात आणि ती कुठल्याच खात्यात धरलेली नसतात. ती ‘व’मध्ये लिहा, कारण विकलेली वस्तू पोचेपर्यंत विक्री पूर्ण होत नाही.

आठवडा संपला की अक्षरांप्रमाणे बेरीज करा. ‘आ’ पाच तासांच्या वर गेला असेल तर तुमची अडचण वेळेच्या कमतरतेपेक्षा कामाच्या तुकड्यांची आहे. तसं असेल तर पुढचा भाग सावकाश वाचा.

एका लॉटमध्ये किती नग घ्यायचे

समजा वहीवरून असं दिसलं: एका बैठकीची मांडामांड आणि आवराआवर मिळून ३० मिनिटं, आणि एका पिशवीचं प्रत्यक्ष काम ३५ मिनिटं. त्यातली ८ मिनिटं खुणा करून कापण्यात जातात, ६ बंद शिवण्यात, १४ बाहेरचं कापड आणि अस्तर जोडण्यात, ४ उलटवून इस्त्री करण्यात आणि ३ दोरे कापून तपासण्यात.

एका बैठकीत एकच पिशवी शिवली तर ती ६५ मिनिटांना पडते. सहा दिवस रोज एक शिवली तर सहा पिशव्यांना साडेसहा तास लागतात. त्याच सहा एका बैठकीत शिवल्या, म्हणजे आधी सगळ्या कापल्या, मग सगळे बंद, मग सगळ्या जोडण्या, तर ३० अधिक २१० म्हणजे २४० मिनिटं, बरोबर चार तास. अडीच तास वाचले, आणि त्यासाठी हात भरभर चालवावा लागला नाही.

इथे मोह होतो की मग बाराच का करू नयेत? हिशेब करून बघा. सहाच्या लॉटमध्ये मांडामांडीचा भार पिशवीमागे ५ मिनिटं येतो, बाराच्या लॉटमध्ये अडीच. म्हणजे लॉट दुप्पट करून पिशवीमागे फक्त अडीच मिनिटं वाचली. एकावरून तीनवर जाताना भार ३० वरून १० वर येतो, तिथे खरा फायदा आहे. सहाच्या पुढे तो जवळजवळ संपतो आणि तोटे सुरू होतात. बैठक साडेसात तासांची होते, पाठ धरते, अर्धवट मालात कापडाचे पैसे अडकतात. आणि खूण चुकली असेल तर ती बाराही पिशव्यांत चुकते. मी एकदा बंदांची जागा उजवी-डावी उलटी आखून तीस पिशव्या एकदम बेतल्या होत्या. त्यातल्या बावीस उसवाव्या लागल्या, उरलेल्या आठ शिवायच्या राहिल्या होत्या म्हणून वाचल्या. तेव्हापासून नव्या नमुन्याचा पहिला लॉट मी दोनाचाच करते, मग वेळ कितीही वाया गेल्यासारखा वाटो.

तुमचा लॉट ठरवायची साधी खूण अशी: मांडामांडीच्या वेळेला नगांच्या संख्येने भागा. उत्तर एका नगाच्या प्रत्यक्ष कामाच्या साधारण सातव्या हिश्शापर्यंत खाली आलं की थांबा. आपल्या उदाहरणात ३५ चा सातवा हिस्सा ५, म्हणून लॉट सहाचा. हा काही नियम नाही, माझा अंदाज आहे, पण बहुतेक हातकामाला तो चालून जातो.

सलग चार तास मिळत नसतील तर लॉट तोडा, पण शहाणपणाने तोडा. कापणं संपलं की थांबायला हरकत नाही. प्रत्येक पिशवीचे तुकडे एकत्र बांधून वर चिठ्ठी लावा: किती नग, कोणता दोरा, पुढचं काम काय. जोडणीच्या मध्ये मात्र थांबू नका. दुसऱ्या दिवशी कोणती टीप मारली आणि कोणती राहिली हे शोधण्यातच दहा मिनिटं जातात. बैठक दोन झाल्या म्हणजे मांडामांडही दोनदा आली, हेही हिशेबात धरा. वरचा चार तासांचा लॉट मग साडेचार तासांचा होतो.

वजाबाकी

आता २५ तासांतून वजा करत जाऊ. क्रम महत्त्वाचा आहे.

सगळ्यात आधी ४ तास राखीव. आजारपण, मशीनचं अडणं, एखादं परत आलेलं पार्सल, यांतलं काही ना काही दर आठवड्याला येतंच. राखीव वेळ ठेवला नाही तर ते झोपेतून वसूल होतं. एकूण तासांचा सहावा-सातवा हिस्सा पुरतो. घरात लहान मूल असेल तर पाचवा धरा.

मग कागद: अडीच तास. त्यातला एक तास रोजच्या दहा-दहा मिनिटांत विखुरलेला आणि दीड तास आठवड्यातून एकदा सलग.

मग विक्री: ६ तास. रोज २० मिनिटं मेसेज आणि फोन, म्हणजे सहा दिवसांचे २ तास. पॅकिंग आणि पार्सल पोचवणं आठवड्यातून दोनदा, एकेक तास. उरलेले २ तास नव्या मालाचे फोटो काढणं आणि जुन्या गिऱ्हाइकांना स्वतःहून विचारणं यांचे.

राहिले साडेबारा तास. त्यातला अर्धा तास मशीन साफ करणं, तेल देणं आणि कापड भिजत घालणं यात जातो. उरतात १२ तास, म्हणजे चार-चार तासांच्या तीन बैठका, म्हणजे १८ पिशव्या. एवढीच तुमची आठवड्याची ताकद. हा आकडा पहिल्यांदा पाहिल्यावर पोटात गोळा येतो, कारण मनातल्या मनात आपण तीस धरलेल्या असतात. पण तीसचं आश्वासन देऊन अठरा शिवणाऱ्याचे आठवडे कधीच मोकळे होत नाहीत.

दिवसांवर मांडणी

रोजचा अर्धा तास, म्हणजे मेसेजची वीस मिनिटं आणि हिशेबाची दहा, सहाही दिवस धरलेला आहे. बाकीचं असं बसतं:

- सोमवार, ३ तास: फोटो आणि जुन्या गिऱ्हाइकांशी बोलणं २ तास, मशीनची साफसफाई आणि कापड भिजत घालणं अर्धा तास.
- मंगळवार, साडेचार तास: पहिला लॉट.
- बुधवार, साडेचार तास: दुसरा लॉट.
- गुरुवार, साडेतीन तास: पॅकिंग १ तास, राखीव २ तास.
- शुक्रवार, ३ तास: पॅकिंग १ तास, कागद दीड तास.
- शनिवार, साडेसहा तास: तिसरा लॉट, आणि राखीवचे उरलेले २ तास.

या मांडणीमागची कारणं सांगते, म्हणजे तुमच्या दिवसांनुसार बदलता येईल. सुती कापड धुतल्यावर आटतं, म्हणून बेतण्याआधी भिजवून वाळवावं लागतं. त्यात आपला हात लागतो वीस मिनिटं, आणि पुढे रात्रभर ते आपोआप वाळतं. असं आपल्याशिवाय होणारं काम नेहमी बैठकीच्या आदल्या दिवशी टाकायचं. तुमच्या धंद्यात ते रंग वाळणं असेल, नाहीतर गोंद धरणं. वाट बघण्याचा वेळ रात्रीवर ढकलला की तो फुकट मिळतो.

बैठकीत कापणं सगळ्यात आधी, डोळा आणि डोकं ताजं असताना. चुकलेली टीप उसवता येते, चुकीचं कापलेलं कापड परत जोडता येत नाही. मेसेजची वीस मिनिटंही म्हणूनच बैठकीआधी न ठेवता नंतर ठेवा. एक तक्रारीचा मेसेज वाचून कापायला बसलं की हात कात्रीवर आणि मन तक्रारीवर राहतं.

दुसरा राखीव तुकडा मुद्दाम शनिवारी, लॉटच्या मागे ठेवला आहे. आठवड्यात जे सांडलं ते तिथे भरून निघतं. काही सांडलं नसेल तर तो वेळ तुमचा. त्यात चौथा लॉट कोंबायचा नाही. एकदा कोंबला की पुढच्या आठवड्यात मन तोच आकडा धरून चालतं.

रोजची दहा मिनिटं आणि शुक्रवारचा दीड तास

कागदाचा कंटाळा सगळ्यांनाच असतो. साठवलं की तो दुप्पट होतो, कारण महिन्यापूर्वीची पावती कशाची हे आठवायलाच वेळ जातो. शिवाय दुकानातल्या छोट्या यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्या उन्हाने आणि उष्णतेने पुसट होतात. म्हणून पावती मिळाली की त्याच दिवशी फोटो काढा आणि मागे पेन्सिलने एक शब्द लिहा: अस्तर, दोरा, खोके.

रोजच्या दहा मिनिटांत तीनच गोष्टी: आज काय विकलं, आज काय खर्च झालं, कोणाकडून किती यायचं आहे. वहीत लिहा नाहीतर मोबाइलवर, पण एकाच जागी लिहा. दोन ठिकाणी लिहिणारा शुक्रवारी दोन्ही जुळवत बसतो.

शुक्रवारच्या दीड तासाला ठरलेला क्रम द्या, नाहीतर सोपी कामं आधी होतात आणि महत्त्वाचं राहून जातं. पहिला अर्धा तास पैसे आणायचे: बिलं पाठवायची आणि ज्यांची मुदत उलटली त्यांना आठवण करायची. पुढची वीस मिनिटं बँक खात्यातली प्रत्येक नोंद वहीशी ताडून बघायची. जी जुळत नाही तिच्यासमोर खूण करून पुढे जा, तिथेच अडून बसू नका. मग वीस मिनिटं कच्च्या मालाची: पुढच्या दोन आठवड्यांच्या सहा लॉटांना पुरेल एवढं कापड, अस्तर, दोरा आहे का ते मोजायचं आणि कमी असेल ते आत्ताच मागवायचं. उरलेली वीस मिनिटं पुढच्या आठवड्याच्या ऑर्डरी फळ्यावर मांडायला.

कर आणि परवान्यांच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर लिहा, पण शेवटच्या तारखेच्या आदल्या आठवड्यातल्या शुक्रवारी लिहा. त्या शुक्रवारी दीड तास पुरणार नाही, म्हणून त्या आठवड्यात दोनच लॉट धरा आणि तारखा देताना ते आधीच लक्षात ठेवा. धंद्याचं खातं घरखर्चाच्या खात्यापासून वेगळं नसेल तर ताडून बघायला वीस मिनिटांऐवजी तास लागतो. हा एक बदल बाकी सगळ्या युक्त्यांपेक्षा जास्त वेळ वाचवतो.

फळा आणि तारीख

मशीनसमोर एक फळा किंवा मोठा कागद लावा. त्यावर पुढच्या चार आठवड्यांच्या प्रत्येकी तीन चौकटी काढा. एक चौकट म्हणजे एक लॉट, सहा पिशव्या. ऑर्डर आली की चौकटीत नाव लिहायचं. चौकट रिकामी नसेल तर त्या आठवड्याची तारीख कुणालाही द्यायची नाही, मग माणूस कितीही जवळचा असो.

समजा एकाने विचारलं, दोन आठवड्यांत चाळीस पिशव्या मिळतील का? फळ्यावर बघा. दोन आठवड्यांच्या सहा चौकटी. आधीच्या दहा पिशव्यांनी त्यातल्या दोन घेतल्या आहेत, त्यातून दोन पिशव्या जास्तीच्या निघतील. चार चौकटी मोकळ्या, म्हणजे २४ पिशव्या. उत्तर असं द्यायचं: “दोन आठवड्यांत चोवीस देते, उरलेल्या सोळा तिसऱ्या आठवड्यात. चालेल का?” तिसऱ्या आठवड्यात अठरा होतात, त्यात सोळा बसतात. बहुतेक वेळा माणूस हो म्हणतो, कारण त्याला आकड्यापेक्षा भरवसा हवा असतो. नाही म्हणाला तर ती ऑर्डर आपली नव्हतीच. राखीव चार तास मोडून चाळीस पुऱ्या करता येतात का, हा हिशेब मनात येईलच. चार तास म्हणजे एक लॉट, सहा पिशव्या. दोन आठवड्यांचे दोन्ही राखीव दिले तरी ३६ होतात, आणि मधे मशीन अडलं तर तेही नाही.

जास्तीच्या त्या दोन पिशव्या विकायला ठेवा. फोटो त्यांचेच काढा. पुढच्या सोमवारची तयारी तिथेच होते.

आठवडा मोडतो तेव्हा

मोडणारच. तेव्हा काय सोडायचं हे आधी ठरलेलं असलं म्हणजे घाबरगुंडी उडत नाही. माझा क्रम असा: सगळ्यात आधी ज्यांना तारीख दिली त्यांचा माल आणि पार्सल. मग रोजची दहा मिनिटं, ती ताप असतानाही होतात. मग बिलं पाठवणं. नवा माल, फोटो, कच्च्या मालाची मोजणी एक आठवडा थांबू शकतं.

फोटो आणि जुन्या गिऱ्हाइकांशी बोलण्याचे सोमवारचे दोन तास मात्र सलग दोन आठवडे सोडू नका. ऑर्डरी भरपूर असताना ते सोडणं अगदी सोपं वाटतं. त्याचा फटका लगेच बसत नाही. तीन-चार आठवड्यांनी फळ्यावरच्या चौकटी एकदम रिकाम्या दिसतात. मग घाईने सवलती द्याव्या लागतात, ऑर्डरींचा लोंढा येतो, आणि पुन्हा विक्री सुटते. हे चक्र ज्यांनी पाहिलं आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

वेळापत्रक चुकलं आहे की आठवडाच वाईट होता, हे ओळखायच्या काही खुणा आहेत. राखीव वेळ सलग तीन आठवडे पुरा संपत असेल तर १८ हा आकडा खोटा आहे, तो १२ वर आणा आणि नंतर वाढवा. अर्धवट तुकड्यांच्या बांधलेल्या गठ्ठ्यांची संख्या दोनच्या वर गेली तर नवा लॉट सुरू करणं बंद करा, आधी आहेत ते संपवा. शुक्रवारी येणेबाकीची यादी लांबत चालली असेल तर माल बनवण्यातून एक तास काढून वसुलीला द्या. फुकट शिवलेल्या पिशवीपेक्षा न शिवलेली पिशवी स्वस्त पडते.

चार आठवडे झाल्यावर पुन्हा एक आठवडा ती अक्षरांची वही लिहा आणि पहिल्या आठवड्याशी ताडून बघा. बदल एका वेळी एकच करा, म्हणजे कशाने फरक पडला ते कळेल. चौकटी सतत तीन आठवडे पुढपर्यंत भरलेल्या असतील तर तास वाढवायच्या आधी दोन गोष्टी तपासा. एक, भाव कमी तर नाही ना. दोन, एखादं काम बाहेर देता येतं का. बंद शिवणं हे त्यातलं सगळ्यात सोपं: पिशवीमागे ६ मिनिटं, अठरा पिशव्यांना १०८ मिनिटं. पण ते बाहेर दिलं म्हणजे देणं-घेणं आणि तपासणं यांना अर्धा तास लागतो, तो वजा करून फायदा मोजा. उरतात ७८ मिनिटं, आणि तेवढ्यात एक अख्खा लॉट बसत नाही. म्हणून मी ते बाहेर दिलं तेव्हा नग वाढवले नाहीत, तो वेळ सोमवारच्या बोलण्याला जोडला.